रेझ्युमेतली गो-लाइव्हची ओळ

प्रिय संदीप,

रेझ्युमे वाचला. चार पानं आहेत, तरी तू एसएपीमध्ये नेमकं काय केलंस ते शेवटपर्यंत कळत नाही. वरच 'एमएम, एसडी, पीपी, क्यूएम, एफआय' अशी माळ लावली आहेस. मुलाखत घेणारा त्यातलं एफआय उचलेल आणि ॲसेट अकाउंटिंगवर विचारत सुटेल. तुझं काम एमएमचं. बाकीच्यांशी जेवढा संबंध आला तेवढाच लिही: एफआयशी OBYC मधल्या अकाउंट डिटरमिनेशनपुरता, क्यूएमशी आवक मालाच्या तपासणीपुरता.

टप्प्यांची गंमत वेगळीच. दोन्ही प्रोजेक्टांखाली 'बिझनेस ब्लूप्रिंट' आहे. ईसीसीचं जुनं काम एएसएपी पद्धतीनं झालं, तिथे तो शब्द बरोबर. पण दुसरं एस/4हानाचं, ॲक्टिव्हेट पद्धतीचं. त्यात प्रिपेअरनंतर एक्सप्लोअर येतो आणि त्या टप्प्यात तयार प्रक्रिया दाखवून फिट-टू-स्टँडर्डच्या बैठका होतात. तू तर त्याही नंतर, रिअलाइजमध्ये आलास. मग 'रिअलाइजपासून हायपरकेअरच्या चार आठवड्यांपर्यंत' एवढंच लिही. 'एंड-टू-एंड' काढून टाक, नाहीतर पहिल्याच बैठकीत क्लायंटनं काय मागितलं होतं हे सांगत बसावं लागेल.

क्लायंटचं नाव करारामुळे देता येत नसेल तर 'चाकणजवळची वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, तीन प्लांट' असं चालतं. नुसतं 'ऑटोमोटिव्ह' मात्र नको. त्या धंद्यातलं जे वेगळं तू हाताळलंस ते तिथेच येऊ दे: शेड्यूलिंग ॲग्रीमेंट आणि जॉबवर्क. औषध कंपनीच्या प्रोजेक्टखाली जॉबवर्कपेक्षा बॅच मॅनेजमेंट वर घे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. 'गो-लाइव्ह ॲक्टिव्हिटीजमध्ये सहभाग' ही तुझी ओळ. अरे, सहभाग तर चहा आणून देणाऱ्याचाही असतो! फोनवर तू मॉक कटओव्हरचं जे सांगितलंस, ते इथे यायला हवं होतं.

एफआयवाल्यांनी जुन्या सिस्टिममधला साठ्याचा आकडा, 4 कोटी 20 लाख, मायग्रेशनच्या क्लिअरिंग खात्यात चढवला. साठ्याच्या जीएल खात्यात हातानं नोंद करता येत नाही, म्हणून हा वळसा. मग तू 561 नं साठा चढवलास आणि तो त्याच क्लिअरिंग खात्याविरुद्ध पडला. सगळं जुळलं असतं तर खातं शून्यावर आलं असतं, पण 34 लाख उरले. कारण चढवलेल्या फायलीत फक्त गोदामातला माल होता. प्लेटिंग आणि मशीनिंगला जॉबवर्करांकडे गेलेला माल हिशेबात कंपनीचाच असतो, तो राहून गेला होता. तू 22 जॉबवर्करांकडून साठ्याची लेखी कबुली घेतलीस, चलनांशी ताडलीस आणि तो माल 561 नंच, पण स्पेशल स्टॉक O लावून जॉबवर्करवार चढवलास. खातं शून्य झालं, MB5L मध्ये साठा आणि जीएल जुळले.

हे मॉकमध्ये सापडलं नसतं तर प्लेटिंग होऊन आलेला पहिला माल MIGO मध्ये घेतानाच अडकला असता. 101 सोबत सिस्टिम 543 नं जॉबवर्करकडचा कच्चा माल खर्ची टाकते, आणि तिथे साठा नसेल तर तुटीचा एरर येतो. गाडी गेटवर उभी राहते. मुलाखत घेणाऱ्यानं एखादं गो-लाइव्ह स्वतः काढलं असेल तर हे वाचून तो पुढचे प्रश्न यावरच विचारेल, आणि उत्तरं तुझ्याकडे आहेत.

तेव्हा इंग्रजीत या अर्थाची ओळ घाल: 'तीन प्लांटच्या सुरुवातीच्या साठ्याचा कटओव्हर माझ्या जबाबदारीवर, मॉकमध्ये 34 लाखांचा फरक 22 जॉबवर्करांकडच्या साठ्यात शोधला, प्रत्यक्ष गो-लाइव्हला क्लिअरिंग खातं शून्य, MB5L जुळलेलं.' क्लायंटचे रुपयांचे आकडे बाहेर जाऊ नयेत असं करारात असेल तर 34 लाखांऐवजी 'साठ्याच्या सुमारे 8 टक्के' लिही.

अपुऱ्या पीओंबद्दल एकच वाक्य पुरे: फक्त उरलेली संख्या चढवली, ऑर्डरची मूळ संख्या नाही. मूळ संख्या चढली की आलेला माल पुन्हा येणं दिसतं आणि एमआरपी खरेदी कमी सुचवतं. हे कारण रेझ्युमेत नको, तोंडी ठेव.

टी-कोडची अर्धं पान भरणारी यादी मात्र उडव. ME21N, MIGO, MIRO हे क्लायंटच्या स्टोअरकीपरलाही येतात. तिच्या जागी तू केलेलं कॉन्फिगरेशन येऊ दे: रिलीज स्ट्रॅटेजी किती पातळ्यांची होती आणि पातळी कोणत्या रकमेवर बदलायची.

दोन पानांत बसव आणि रविवारपर्यंत परत पाठव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश