औषधाच्या डब्यातला बारीक कागद

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुमच्या मधुमेहाच्या गोळीच्या, म्हणजे मेटफॉर्मिनच्या डब्यातल्या पत्रकाचा फोटो मिळाला. पहिला काही वाचता येईना, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो टाकला की तो दाबला जातो आणि असली मुंगीएवढी अक्षरं पुसट होऊन जातात. शेजारच्या मुलाकडून तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवलात, तेव्हा काम झालं. मोठ्या टायपात उतरवलेला सगळा मजकूर सोबत आहे. आई फोनवर म्हणाली होती, "कामाचं तेवढंच लिही गं, एका पानात बसेल असं." तसं मी मुद्दामच केलेलं नाही.

कामाचं काय, हे आज ठरवता येत नाही म्हणून. त्यात एक ओळ आहे: शिरेतून आयोडीनवालं औषध देऊन सीटी स्कॅन करायचा असेल, तर त्याआधी किंवा त्या वेळी मेटफॉर्मिन थांबवावं, नंतर किमान ४८ तास सुरू करू नये, आणि मूत्रपिंडाचं काम पुन्हा तपासून ते स्थिर असल्याची खात्री झाल्यावरच पुन्हा घ्यावं. आज तुमचा कुठला स्कॅन नाही, तेव्हा एका पानाच्या हिशेबात ही ओळ पहिली गळाली असती. पण उद्या कुणी सीटीची चिठ्ठी लिहून दिली, तर तिथल्या माणसाला "मी मेटफॉर्मिन घेतो" हे सांगायची आठवण हीच ओळ करून देणार. ती पत्रकात एकदा इशाऱ्यांत येते आणि पुन्हा इतर औषधांबरोबरच्या भागात. मी दोन्हीकडे ठेवली आहे. प्रुफं तपासताना पुनरुक्ती दिसली की माझा हात लाल पेनाकडे जातो, पण इथे तो आवरला.

मथळे मी मनाने पाडले नाहीत. पत्रकातच क्रमांक आहेत, तेच ठेवले आणि शेजारी साधं मराठी लिहिलं: ४.१ औषध कशासाठी, ४.२ किती आणि कसं घ्यायचं, ४.३ कुणी घेऊ नये, ४.४ खास इशारे, ४.५ इतर औषधांबरोबर, असं ४.९ पर्यंत, म्हणजे जास्त गोळ्या पोटात गेल्या तर काय, इथवर. क्रमांकांचा फायदा असा की काही गळालं तर लगेच दिसतं. या पत्रकात दोन रकाने आहेत. डावीकडचा रकाना ४.३ च्या मध्येच संपतो आणि उरलेलं उजवीकडे वर सुरू होतं. घडीची रेघ नेमकी तिथेच आहे. नीट पाहिलं नाही तर डोळा सरळ ४.५ वर जातो आणि ४.४, म्हणजे सगळ्या इशाऱ्यांचा भागच, मागे राहतो.

सगळ्यात जास्त वेळ ४.२ मधल्या तक्त्याने घेतला. तो तसाच्या तसा फोनवर पाठवला असता तर ओळी सरकल्या असत्या, म्हणून प्रत्येक आडवी ओळ पूर्ण वाक्यांत लिहिली. ईजीएफआर म्हणजे तुमच्या रिपोर्टातला मूत्रपिंडाचा आकडा, आणि लॅक्टिक अॅसिडोसिस म्हणजे रक्तात आम्ल साठणं.

ईजीएफआर ६० ते ८९: दिवसभरात मिळून जास्तीत जास्त ३००० मिलिग्रॅम, २ ते ३ वेळांत विभागून. मूत्रपिंडाचं काम उतरत असेल तर मात्रा कमी करण्याचा विचार करावा.

ईजीएफआर ४५ ते ५९: दिवसभरात मिळून जास्तीत जास्त २००० मिलिग्रॅम, २ ते ३ वेळांत विभागून. सुरू करण्याआधी लॅक्टिक अॅसिडोसिसचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी तपासाव्यात (४.४ पाहा). सुरुवातीची मात्रा कमाल मात्रेच्या निम्म्याहून जास्त नसावी.

ईजीएफआर ३० ते ४४: दिवसभरात मिळून जास्तीत जास्त १००० मिलिग्रॅम, २ ते ३ वेळांत विभागून. सुरू करण्याआधी लॅक्टिक अॅसिडोसिसचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी तपासाव्यात (४.४ पाहा). सुरुवातीची मात्रा कमाल मात्रेच्या निम्म्याहून जास्त नसावी.

ईजीएफआर ३० पेक्षा कमी: मात्रेच्या जागी नुसती आडवी रेघ. मेटफॉर्मिन देऊ नये.

"दिवसभरात मिळून" आणि "विभागून" हे शब्द कागदावर तक्त्याच्या डोक्यावर एकदाच छापलेत. ते तिथेच सोडले असते तर ३००० हा आकडा एका वेळचा वाटला असता. मधल्या दोन ओळींसमोर एकच मोठा चौकोन आहे, त्याचा मजकूर दोन्हींना लागू होतो, म्हणून मी तो दोनदा लिहिला. आणि शेवटच्या ओळीत ३० च्या आधी "पेक्षा कमी"चं ते टोकदार चिन्ह फोटोत धुळीच्या कणाएवढं दिसतंय. ते हरवलं तर नुसते "३०" आणि रेघ उरतात, आणि ज्याला औषध वर्ज्य आहे त्याची ओळ अर्थहीन होते.

बाबा, तुमच्या मागच्या रिपोर्टात ५२ आहे, म्हणजे तुमची ओळ दुसरी. ५०० ची गोळी सकाळ-संध्याकाळ, म्हणजे दिवसाचे १००० झाले. २००० च्या मर्यादेत आहात. पुढे आकडा ४४ वर आला तर ओळ बदलेल आणि तीच मात्रा मर्यादेला जाऊन टेकेल. ४.२ मध्येच तपासणी वर्षातून किमान एकदा, आणि वयस्करांची दर ३ ते ६ महिन्यांनी करायला सांगितलंय, ते यासाठीच. गोळी कमी-जास्त करायची झाली तर ते डॉक्टरच ठरवतील. तुम्ही हा कागद आणि रिपोर्ट बरोबर न्या, म्हणजे झालं.

आई, तुझ्यासाठी ४.४ मधली एक ओळ ठळक केली आहे: जोराच्या उलट्या-जुलाब किंवा ताप येऊन अंगातलं पाणी कमी झालं, तर गोळी तात्पुरती थांबवून डॉक्टरांना विचारायचं. खाली लॅक्टिक अॅसिडोसिसची लक्षणं आहेत: धाप, स्नायूंत गोळे, पोटदुखी, फार थकवा, अंग गार पडणं. पत्रकात ही एका ओळीत स्वल्पविराम देऊन कोंबलीत. मी प्रत्येक वेगळ्या ओळीवर घेतली, एकही गाळली नाही. अशी दिसली तर वाट पाहायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा. सराफ्यातल्या खाण्याबद्दल पत्रकात एक अक्षर नाही, बाबा. फार खूश होऊ नका, ते डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय.

दवा बाजारातून पुढच्या वेळी गोळ्या आणाल तेव्हा डब्यावर एसआर लिहिलंय का ते पाहा. एसआर म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी. तिच्या पत्रकात वरच्या दोन्ही ओळींत २००० असतात. ती छपाईची चूक नाही, त्या गोळीची कमालच तेवढी. म्हणून हा उतारा साध्या ५०० च्या गोळीचा आहे असं वर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. दुसरं पत्रक आलं तर यातच दुरुस्त्या करू नका, नवा उतारा करू.

जिथे अक्षर लागलं नाही तिथे मी अंदाज बांधलेला नाही, चौकटीत "वाचता येत नाही" असं लिहिलंय. असं एकच ठिकाण आहे, ४.८ च्या शेवटी, उजव्या कोपऱ्यात. मागच्या बाजूची शाई पुढे उमटल्याने दोन ओळी एकमेकींत मिसळल्या आहेत. तेवढ्या कोपऱ्याचा पुन्हा फोटो हवा. कागदाखाली काळं पुठ्ठं ठेवा, म्हणजे मागची अक्षरं दिसणार नाहीत. वरून फोटोफ्रेमची काच ठेवून घडी सपाट करा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, अगदी वरून सरळ काढा आणि डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

आला की रात्री फोन करते. आईने कागद भिंगाखाली धरायचा, मी माझा उतारा मोठ्याने वाचेन, आकडे एकेक अंक सुटा करून: "तीन, शून्य, शून्य, शून्य." कुठे फरक दिसला की आईने मला थांबवायचं. मी वाचताना बाबांनी मध्ये बोलायचं नाही!

तुमची,
मनू