मनाई हुकमाची ती प्रत

चि. सोनूस अनेक आशीर्वाद,

तू पाठवलेला मनाई हुकमाचा फोटो नीट पाहिला. बांधाचं काम सध्या थांबवलंस, ते योग्यच केलंस. हुकूम खरा निघाला आणि तू तो मोडलास, तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. पण नुसत्या फोटोवरून हुकूम खरा मानू नकोस.

प्रतीवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक आहे. सुरुवातीचं MHPU म्हणजे महाराष्ट्र, पुणे; शेवटचे चार अंक म्हणजे वर्ष. समोरच्यांनी पाठवलेली लिंक मी उघडली नाही. कोर्टांची सरकारी साइट services.ecourts.gov.in स्वतः टाइप करून तिथे हा क्रमांक घातला. दावा निघाला. दाव्याचा नंबर, वादी, प्रतिवादी म्हणून तुझं नाव, कोर्ट, सगळं जुळलं.

इथेच माणसं फसतात, कारण दावा खरा असला म्हणजे हुकूम खरा, असं होत नाही. कोर्टात इतकी वर्षं काम केलं, म्हणून पुढे Case History मध्ये गेले. प्रतीवरच्या हुकमाची तारीख 12 जून आहे, म्हणून त्याच तारखेवर क्लिक केलं. त्या दिवसाच्या कामकाजात एवढंच आहे की निशाणी 5 वर नोटीस काढली, म्हणण्यासाठी 26 जून. निशाणी 5 म्हणजे त्यांचा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज. कोर्टाने तुझं म्हणणं मागवलंय, मनाई दिल्याची नोंद नाही. Interim Orders खालीही काही नाही.

तरीही चारचौघांत ‘बनावट’ म्हणून बसू नकोस. हुकूम अपलोड व्हायला कधी कधी वेळ लागतो, रोजची नोंदही त्रोटक असते. शिवाय तुला न ऐकता मनाई दिली असेल, तर वादीने अर्ज, प्रतिज्ञापत्र, दाव्याची प्रत हे सगळं तुला लगेच हातात द्यायला किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवायला हवं, आणि तसं केल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच किंवा दुसऱ्या दिवशी कोर्टात द्यायला हवं. तुला फक्त फोनवर फोटो आलाय, याचा मला जास्त संशय येतो.

वेबसाइटवरची प्रत माहितीपुरती असते. म्हणून वकिलांमार्फत नक्कल विभागात 12 जूनच्या हुकमाच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज कर. हुकूमच नसेल तर ते तिथेच कळेल. असेल, तर त्यातला गट नंबर आणि चतुःसीमा आपल्याच जमिनीच्या आहेत का ते बघ, कारण साइटवर ते दिसत नाही. आणि ‘पुढील तारखेपर्यंत’ असं लिहिलं असेल तर त्या तारखेला मुदत वाढली का, तेही रोजच्या कामकाजात शोध.

काहीही निघो, 26 जूनला हजर राहून निशाणी 5 वर म्हणणं दाखल कर. नाहीतर आज मनाई नसली तरी त्या दिवशी ती खरोखर मिळू शकते त्यांना. जाताना सातबारा, मोजणीचा नकाशा आणि तो फोटो, ज्या नंबरवरून आला तो मेसेज न पुसता, वकिलांना दाखव.

तुझी आई