स्टीलच्या ठोकळ्याला पाण्याची घनता लावल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: असेंब्लीचे वस्तुमान, गुरुत्वमध्य आणि इनर्शिया चुकीचे दाखवल्यामुळे झालेले नुकसान

महोदय,

तुमच्या मदत केंद्राला केलेला सहावा फोन आत्ताच ठेवला आणि हे लिहायला बसलो. सॉफ्टवेअर तुमचेच आहे, त्यामुळे Mass Properties ची खिडकी कुठे उघडते हे सांगण्यात वेळ घालवत नाही.

आमचे भोसरीत छोटे वर्कशॉप आहे, एसपीएम बनवतो. या मशीनवर उभ्या पिनभोवती फिरणारा एक आर्म आहे. अ‍ॅल्युमिनियमची ६०० × ८० × २० मिमी पट्टी, एका टोकापासून ३० मिमीवर पिन, आणि पिनपासून ५४० मिमीवर ग्रिपरचा स्टीलचा ठोकळा, १०० × ५० × ४० मिमीचा. पट्टीला मटेरियल आम्ही दिले होते, घनता २७०० किलो प्रति घनमीटर, वजन २.५९ किलो. ते बरोबर आले. ठोकळा विकतचा, पुरवठादाराची स्टेप फाइल उघडून बसवला. अशा फाइलमधून आकार येतो, घनता बहुतेक वेळा येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तरीही तुमच्या सॉफ्टवेअरने काही विचारले नाही. गुपचूप Density 1000 kg/m³ धरली. म्हणजे पाण्याची! २०० घनसेंटीमीटरचा स्टीलचा ठोकळा १.५७ किलो भरायला हवा, तो पडद्यावर २०० ग्रॅमचा झाला. एवढ्या वजनाचे आम्ही वडापाव खातो.

आता तुम्ही म्हणाल, एकूण २.७९ किलो दिसले, खरे ४.१६, सव्वा-दीड किलोचा फरक. पण तो सव्वा-दीड किलो कुठे बसला आहे ते बघा. इनर्शियात अंतराचा वर्ग येतो. पिनपासून ०.५४ मीटरवरच्या ठोकळ्याचा वाटा १.५७ × ०.५४², म्हणजे ०.४६ किलो-मीटर वर्ग. तुमच्या हिशेबाने ०.०६. पट्टीचा पिनभोवतीचा वाटा दोन्हीकडे ०.२७. बेरीज केली तर खरी ०.७३ आणि तुमची ०.३३. वजनात दीडपट फरक, इनर्शियात सव्वादोन पट. गुरुत्वमध्यही पिनपासून ३७२ मिमीवर असायला हवा, तो तुम्ही २८९ वर आणून ठेवला.

आर्मला २० रेडियन प्रति सेकंद वर्ग प्रवेग हवा होता. तुमच्या ०.३३ वरून टॉर्क साडेसहा न्यूटन-मीटर निघाला. आम्ही शहाण्यासारखे दीडपट धरून दहाची गिअरमोटर घेतली. लागत होता साडेचौदा. तिसऱ्या फेरीला ड्राइव्ह ओव्हरलोडवर ट्रिप. ग्राहक समोर उभा. चार दिवस आम्ही ड्राइव्हची सेटिंग्ज, केबल, बेअरिंग, सगळे उलटेपालटे केले, कारण मॉडेलवर कोण संशय घेणार?

शेवटी आमच्या फिटरने आर्म काढून काट्यावर ठेवला. ४.१५ किलो. मग अँगलच्या धारेवर तोलून बघितला, पिनपासून ३७० मिमीवर तोलला. मग पिन आडवी धरून आर्म लोंबता सोडला आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर छोटे वीस झोके मोजले. २७.४ सेकंद, म्हणजे एक झोका १.३७ चा. लंबकाच्या सूत्रात वजन, गुरुत्वमध्याचे अंतर आणि झोक्याचा काळ घातला:

```
I = m·g·d·T² / (4π²)
  = 4.15 × 9.81 × 0.370 × 1.37² / 39.48
  = 0.72 kg·m²
```

कागदावरचा खरा हिशेब ०.७३, झोक्यातून ०.७२. तुमचे परवान्याचे सॉफ्टवेअर ०.३३. आता सांगा, काटा, अँगल आणि मोबाइल यांच्यासाठी आम्ही वार्षिक देखभाल शुल्क कोणाला भरावे?

हे सगळे आकडे घेऊन आज फोन केला. तुमचे साहेब शांतपणे म्हणाले, "सर, ठोकळा स्क्रीनवर स्टीलसारखा दिसतोय ना?" मी म्हटले, दिसतोय, चकाकतोय. "मग मटेरियल लागलेलंच आहे, सर." मी म्हटले, तो Appearance आहे, रंग आहे, त्याचा घनतेशी संबंध नाही. थोडी शांतता. मग, "सर, एकदा सॉफ्टवेअर बंद करून चालू करा." केले. वजन २०० ग्रॅमच. "मग सर, तुमचा वजनकाटा तपासून घ्याल का?"

म्हणजे चकाकी बघून वजन ठरवायचे आणि काट्याला खोटे पाडायचे. सराफ कट्ट्यावर कोणी असे म्हणाले असते तर दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लागले असते. मी काटा तपासतो म्हणालो. प्रमाणित वजने ठेवून तपासलाही, फोन चालू असतानाच. काटा बरोबर होता. तुमचे साहेब म्हणाले, "ठीक आहे सर, मग हे तिकीट आम्ही सोडवलेले म्हणून बंद करतो." सोडवलेले! कोणी सोडवले? काट्याने?

अजून एक गोष्ट, फोनवर बोलायची राहिली, कारण तेवढ्यात तिकीट बंद झाले होते. तुमच्या खिडकीत इनर्शियाचे दोन संच येतात, एक गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षांभोवतीचा आणि एक निवडलेल्या मूलबिंदूभोवतीचा. पीडीएफ अहवाल काढला की त्यात पहिलाच छापून येतो आणि कोणत्या अक्षाभोवतीचा हे लिहिलेले नसते. नुसत्या पट्टीचे बोलायचे तर गुरुत्वमध्याभोवती ०.०८ आणि पिनभोवती ०.२७, कारण वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग मध्ये मिळवायचा असतो. आमच्या मुलाला ते ठाऊक होते म्हणून त्याने पिनभोवतीचाच आकडा घेतला. नवीन पोरगा असता तर आमची मोटर याहूनही लहान आली असती.

पण मूळ तक्रार तीच, पुन्हा लिहितो: मटेरियल न दिलेल्या भागाला तुम्ही गुपचूप १००० धरता. गुपचूप. एक पिवळी खूण नाही, एक ओळ नाही. मटेरियल नसेल तर वजनाची जागा रिकामी ठेवा आणि कोणकोणते भाग बिनमटेरियलचे आहेत त्यांची यादी दाखवा. असेंब्लीत चाळीस भाग असले आणि एकाचे वजन काल्पनिक असले तरी बेरीज खऱ्यासारखीच दिसते, नेमके तेच घातक आहे.

परत गेलेली गिअरमोटर, नवीन गिअरमोटर आणि चार दिवस, यांचा हिशेब सोबत जोडला आहे. असेंब्लीची फाइल आणि झोक्यांचा व्हिडिओही आहे, काटा त्यात स्पष्ट दिसतो. नूतनीकरणाचे बिल पुढच्या महिन्यात येणार आहे. तिकीट पुन्हा उघडून, मोमेंट म्हणजे काय हे माहीत असलेल्या माणसाने मला फोन केला नाही तर ते बिल पाठवण्याचे कष्ट घेऊ नका. आमच्या गल्लीत तुमचे अजून सात परवाने आहेत. सहा जणांनी हा व्हिडिओ बघितला आहे. सातवा उद्या चहाला येतोय.

आपला,
अकरा वर्षांपासूनचा ग्राहक, भोसरी

ता. क.: ठोकळा अजूनही चकाकतोय. वजन अजूनही २०० ग्रॅम.