पैसे दिल्याने धमकी थांबत नाही

कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवरून येणाऱ्या धमक्यांविषयीची आपल्या अंकातील बातमी वाचली; मात्र ‘बदनामी टाळण्यासाठी पैसे भरले’ हे वाक्य त्यात भाष्याविना सोडून दिलेले खटकले. अशा प्रकरणांत डीपीवरील चेहरा अश्लील चित्रावर चिकटवून ‘अर्ध्या तासात पैसे टाका, नाहीतर तुमच्या सगळ्या काँटॅक्टना पाठवतो’ असा संदेश येतो. पैसे दिले तरी चित्राची प्रत त्यांच्याकडेच राहते, ती नसली तरी नवी काही मिनिटांत बनते, आणि हा माणूस घाबरून पैसे देतो एवढी खात्री मात्र त्यांना होते. म्हणूनच दुसऱ्या दिवशी नव्या क्रमांकावरून आणि नव्या यूपीआय आयडीसह ‘व्याज बाकी आहे’ असा निरोप येतो. वास्तविक कर्जाच्या अ‍ॅपने काँटॅक्ट आणि फोटो वाचू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच बजावले आहे. संदेश न पुसता त्यांचे स्क्रीनशॉट, क्रमांक व यूपीआय आयडी जपून cybercrime.gov.in वर तक्रार करावी, पैसे गेले असल्यास तातडीने 1930 वर फोन करावा आणि नातेवाइकांना आपणच आधी सांगून ठेवावे. एवढा मजकूर अशा प्रत्येक बातमीखाली छापावा, ही विनंती.

— एक वाचक, ठाणे