तुटलेली पायरी परत देऊ नका

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मी इमारतींच्या रंगकामाची लहानसहान कामे घेतो. गेल्या महिन्यात चौदा फुटी लोखंडी शिडी विकत घेतली. कामावर नेल्याच्या चौथ्या दिवशी तिची पाचवी पायरी आमच्या कारागिराच्या पायाखाली निखळली. तो पाच फुटांवरून पडला आणि डावे मनगट मोडून बसला. औषधपाणी आणि बुडालेली मजुरी मी देतोय, द्यायलाच हवी.

दुकानदाराचे पहिले उत्तर : "वजन जास्त झालं असेल." कारागीर ६८ किलोचा, हातातली रंगाची बादली फार तर १४ किलोची. म्हणजे ८२. शिडीवरच्या स्टिकरवर १५० किलो लिहिलेले आहे.

खरे कारण तुटलेल्या टोकावर दिसते. पायरीचा पाइप उभ्या दांड्याला चहूबाजूंनी वेल्डिंग करून जोडायला हवा. इथे वर एक आणि खाली एक असे दोनच टाके मारले होते, आणि खालचाही दांड्याला नीट धरला नव्हता. पाइप दांड्यापासून सुटल्यावर त्या फटीत आतपर्यंत चंदेरी रंग गेलेला दिसला. रंग कारखान्यात मारला, म्हणजे फट त्याआधीचीच. आमच्याकडे वाकून तुटली असती तर आतला लोखंडाचा भाग कोरा, चकचकीत निघाला असता. बाकीच्या पायऱ्या तपासल्या तेव्हा आणखी दोन तशाच सापडल्या.

मग मी दुकानदाराला स्पीड पोस्टाने पत्र पाठवले. बिलाची तारीख व क्रमांक, पडल्याचा दिवस आणि वेळ, सोबत कोण होते, टाक्यांचे जवळून काढलेले फोटो, इतकेच लिहिले. रागाचे एक वाक्य होते, ते बायकोने खोडायला लावले, बरेच झाले. मागण्या तीन : पैसे परत, उपचाराचा खर्च, आणि त्याच खेपेतल्या उरलेल्या शिड्यांची विक्री थांबवणे. माल ज्या कामासाठी मागितला त्या कामाचा नसेल तर विक्रेता जबाबदार, असे १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम १६ सांगते, तेही लिहिले. (ग्राहक आयोगाचा रस्ता माझ्यासारख्यांना अवघड जातो. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक संरक्षण कायदा सहसा लागू होत नाही. एकटा राबून पोट भरणाऱ्याला सूट आहे, पण माझ्या हाताखाली माणसे आहेत.)

बारा दिवसांनी फोन आला : "तुटलेली शिडी घेऊन या, नवी घेऊन जा." पैशांचा, उपचाराचा, बाकीच्या शिड्यांचा विषयच नाही. मी नाही म्हटले. ती पायरी हातची गेली तर माझ्याकडे फोटोंशिवाय काही उरत नाही, आणि फोटोतल्या फटीत बोट घालून बघता येत नाही. हवे तर त्यांनी आपला माणूस पाठवून माझ्यासमोर ती तपासावी, असे कळवले आहे. अजून कोणी आलेले नाही. दुकानाबाहेर मात्र तशाच चंदेरी शिड्या कालही उभ्या होत्या.

- एक रंगकाम कंत्राटदार, सांगली