वैजूस: थकवा सकाळी मोजायचा असतो

चिपळूण,
२१ एप्रिल

प्रिय वैजू,

दिवाळीनंतर तुला पत्र नाही, म्हणजे तू आधी शिव्या घालणार, मग वाचणार. घाल. माझी तब्येत बरी आहे, कंबर आपल्या जागी आहे, साखर काठावर आहे. झालं.

खरं कारण माईंचा फोन. नेहमीसारखा फणसाची भाजी कशी झाली इथून सुरू झाला आणि मध्येच त्या म्हणाल्या, "पालखी इली, पण आमचा चेडू काय भायर येवक नाय." मी दोनदा विचारलं, कुणाची पालखी, कुठलं चेडू. शिमग्याची पालखी अंगणात नाचतेय आणि तू आतल्या खोलीत मोबाईलवर आकडे भरतेयस! ज्या बाईने त्या पालखीसाठी कॉलेजची प्रॅक्टिकल बुडवली आणि वर सरांनाच दोष दिला, तिची ही गोष्ट. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, मार्च एंड होता, बँकवाल्यांचं असंच असतं. म्हणून तुलाच लिहितेय.

मार्च एंडचा थकवा मला मान्य आहे. ३१ मार्चची रात्र, मग १ एप्रिलला बँक लोकांना बंद आणि तुम्ही आत, हे सगळं मी इतकी वर्षं ऐकतेय. पण तो थकवा एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात उतरायला हवा. मागच्या फोनवर मी तुला गप्पांच्या ओघात विचारलं होतं, सकाळी उठल्यावर शून्य ते दहात किती थकलेली असतेस? तू सात म्हणालीस. दुसऱ्या शनिवार-रविवारची सुट्टी मिळाली, त्यानंतरच्या सोमवारी? तेव्हाही सात. संध्याकाळी घरी येताना? आठ. तू हसलीस, म्हणालीस एकाने तरी फरक आहे. मला मात्र तोच आकडा खटकला.

आपल्याकडच्या जांभ्यातल्या विहिरी मे महिन्यात बघ. दिवसभर उपसा झाला की तळ दिसतो, पण झरा जिवंत असेल तर पहाटे पाणी परत चढलेलं असतं. संध्याकाळी तळ दिसला म्हणून कुणी घाबरत नाही, पहाटेही दिसला तर घाबरतात. कामाच्या थकव्याचं तेच आहे. सगळे संध्याकाळचा आकडा मोजतात. मोजायचा सकाळचा, आणि त्यातही सुट्टीनंतरच्या सकाळचा. दोन सुट्ट्या मिळून तो एका अंकानेही उतरत नसेल, तर झोप कमी पडतेय एवढ्यावर भागत नाही.

माझ्या कामात कारखान्यातल्या लोकांना मी हेच विचारते, आणि पुढचे दोन प्रश्नही. एक, तू ज्यांच्यासाठी काम करतेस त्यांच्याबद्दल कशी बोलतेस? तुझ्या तोंडी पूर्वी माणसं असायची: मिठबावचे काका, पुरळची ती दोन भावांची बाग, पेन्शनला येणाऱ्या आजी. मागच्या फोनवर सगळी "केसीसीची खाती" आणि "ती एनपीए होणारी मंडळी" होती, म्हणजे पीककर्जाची खाती आणि कर्ज थकवणारे. मोहोर करपला म्हणून मुदत मागायला आलेल्या बागायतदाराबद्दल तू म्हणालीस, "सगळ्यांचं रडगाणं एकच." हे तू दुष्टपणाने म्हटलं नाहीस, ते मला ठाऊक आहे. मन दमलं की माणसाला अंतरावर ढकलतं, म्हणजे कमी लागतं. दुसरा प्रश्न कामाच्या दर्जाचा. मंजूर केलेलं प्रपोजल तिसऱ्यांदा उघडून बघणं, एखाद्या ठरावीक कामाची फाईल रोज उद्यावर टाकणं, आणि आपण काही धड करत नाही असं वाटत राहणं. यातलं फाईलचं तूच सांगितलंस.

थकवा, माणसांपासून तुटलेपण आणि आपण कमी पडतोय ही भावना, ही तिन्ही मिळून जे होतं त्याला बर्नआऊट म्हणतात, आणि ते जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या यादीत नोंदवलंय. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण तिथे ते आजार म्हणून धरलेलं नाही. कामाच्या जागच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था असं त्याचं वर्णन आहे. हे सांगते कारण तू लगेच म्हणशील, "म्हणजे मी वेडी?" नाही गं. तुझ्या कामाच्या रचनेत काहीतरी बिघडलंय, आणि ते तुझ्या सकाळच्या आकड्यात दिसतंय.

आता तुझा उपाय मला माहीत आहे: आठ दिवस रजा टाकून गोव्याला जायचं. जा, मासे खा. पण वेस्टमन आणि ईडन या दोन अभ्यासकांनी १९९७ साली सुट्टीआधी आणि सुट्टीनंतर हेच मोजलं होतं. सुट्टीत बर्नआऊट उतरला आणि परतल्यावर तीन आठवड्यांत पुन्हा पूर्वीइतका झाला. परत यायचं ते त्याच कामात, मग दुसरं काय होणार? तुमच्या रिझर्व्ह बँकेचीही गंमत आहे. २०२१ च्या परिपत्रकाने संवेदनशील पदांवरच्या लोकांना वर्षातून एकदा, आगाऊ न सांगता, सलग किमान १० कामाच्या दिवसांची सक्तीची रजा द्यायला सांगितलंय, आणि त्या काळात ऑफिसच्या ईमेलशिवाय कामाच्या कशालाही हात लावायचा नाही. हेतू गैरव्यवहार उघडे पडावेत हा, विश्रांतीचा नव्हे. तरी तुझं पद त्या यादीत आहे का ते विचारून घे. मिळाली तर खरी विश्रांती तीच, कारण तिथे फोन बंद ठेवायला नियमच पाठीशी आहे.

पण रजेच्या आधी एक काम कर. एकच, कारण तू "उद्यापासून योगा, चालणं, डायरी" असं सगळं एकदम ठरवतेस आणि तिसऱ्या दिवशी सगळं सोडतेस. (डाएटचा तो प्रसंग मी इथे काढत नाही.)

तुझी संध्याकाळ तूच सांगितलीस तशी लिहिते. साडेसहाला व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची मीटिंग. नऊला ठेवींचा आकडा ग्रुपवर. साडेनऊला विमा मोहिमेचा तक्ता. दहाला वसुलीची यादी. तीन जणांना तीन नमुन्यांत. मधल्या वेळात जेवण, आणि जेवताना नजर फोनवर. या तिन्हींत मिळून अर्धा तासही जात नसेल. त्रास त्या अर्ध्या तासाचा नाही. साडेसहा ते दहा तू ड्युटीवरच असतेस, डोकं कामातून सुटतच नाही, आणि मग तीनला जाग येते. तुझ्या दिवसातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महागात पडणारं काम हेच आहे. शिवाय शाखेचा दिवस बंद झाल्यावर रात्री जी भर पडते ती यूपीआयची, ती दुसऱ्या दिवशीच्या यादीत येतेच. नऊ वाजता कुणी त्या आकड्यावर निर्णय घेत नाही.

आधी दहा कामाचे दिवस पॉकेट डायरीत रोज तीनच गोष्टी लिही: सकाळचा आकडा, घरी येतानाचा आकडा, आणि शाखेतून निघाल्यावर कामाचं शेवटचं काही केलंस ती वेळ. कारणं लिहू नकोस, नाहीतर तू निबंध लिहिशील. दहा दिवसांनी कागद तुझ्या हातात असेल आणि रिजनल मॅनेजरसमोर "मी दमले" म्हणावं लागणार नाही. दमल्याचं ऐकून वरिष्ठ सहानुभूती दाखवतात आणि लक्ष्य तसंच ठेवतात. त्यांना "हो" म्हणता येईल अशी छोटी, ठरावीक गोष्ट मागायची. मजकूर असा कर:

"शाखेतून रोज ठेवी, विमा व वसुली यांचे आकडे तीन वेगळ्या वेळी जातात. ते एकाच तक्त्यात सायंकाळी ६ पर्यंत पाठवू इच्छिते. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी पाठवीन. मंगळवार, गुरुवार व कामाच्या शनिवारी शाखेतील दुसरे अधिकारी पाठवतील. रात्री ८ नंतर तातडीचे काही असल्यास फोन करावा. ही पद्धत तीन आठवडे करून पाहावी, ही विनंती."

दुसऱ्या अधिकाऱ्याला आधी विचार, नाहीतर तुझं ओझं त्या पोराच्या डोक्यावर जाईल आणि सहा महिन्यांनी मला त्याच्यासाठी पत्र लिहावं लागेल. व्हीसीत सगळ्यांदेखत हा विषय काढू नकोस, तिथे कुणीच "हो" म्हणत नाही. आणि २५ मेच्या आत उरक. त्या आठवड्यात जीवनज्योतीचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपयांचे हप्ते खात्यांतून कापायचे असतात, ३१ मेपर्यंत तुमच्या रिजनल ऑफिसात कुणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो.

फसतं कुठे तेही सांगते. तक्ता सहाला जातो, पण हात सवयीने नऊला ग्रुप उघडतो. आठ वाजता ग्रुप म्यूट कर. फोन आला तर वाजेलच. दुसरं, मोकळ्या झालेल्या त्या वेळात तू प्रपोजल घरी घेऊन येशील. मला तू माहीत आहेस. तसं केलंस तर "शेवटची वेळ" हा डायरीतला रकाना चुगली करेल.

तीन आठवड्यांनी सुट्टीनंतरच्या सकाळचा आकडा बघ. सातावरून पाचावर आला तरी पद्धत चालू ठेवायची. हललाच नाही तर कामाला दोष देत बसायचं नाही, रक्त तपासायचं: हिमोग्लोबिन, टीएसएच, बी-१२, साखर. आपल्या वयाच्या बायकांचा निम्मा "कामाचा ताण" थायरॉईड आणि रक्त कमी असण्यात निघतो, हे माझं मत. छापून आणू नकोस. आणि एक गोष्ट वेगळी ओळख. कामाचाच कंटाळा असेल आणि माई, लेक, हापूस यांत अजून जीव रमत असेल तर वरचा उपाय योग्य. सगळ्यातलीच गोडी दोन आठवडे गेली, किंवा आपण नसलो तर बरं असं वाटायला लागलं, तर तक्ता-बिक्ता बाजूला. त्याच दिवशी डॉक्टर, आणि रात्री-अपरात्री असेल तर टेलि-मानसचा १४४१६. किंवा मी. मी जास्त बडबड करते, एवढाच फरक.

शाखेत दोन माणसं कमी आहेत ती या तक्त्याने भरून निघणार नाहीत. ते भांडण युनियनचं आहे, ते वेगळं भांड.

ओमची दहावी कशी गेली? भूमितीचं विचारू नकोस म्हणाला होता, म्हणून तुलाच विचारते. भावजींना सांग, आंबा देवगडचा पाठवला तरी चालेल, मी रत्नागिरीचा म्हणूनच खाईन आणि तोच चांगला होता असं सांगेन. माईंच्या गुडघ्याचा एक्सरे मला फोटो काढून पाठव, सरळ धरून, मागच्या वेळी नुसता पंखा दिसत होता.

डायरी सोमवारपासून. पहिल्या दहा दिवसांचं पान फोटो काढून पाठव, रिजनल मॅनेजरकडे जाण्याआधी.

तुझी,
शुभा