रात्रीची पाळी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

बाळ रडले की तुम्ही दोघेही उठता, हे तू कौतुकाने लिहिले आहेस. मला मात्र त्याचीच काळजी वाटली. पहिल्या महिन्यांत बाळ दर दोन-तीन तासांनी दूध मागणारच, त्याला इलाज नाही. पण त्यासाठी दोघांचीही झोप मोडायलाच हवी असे नाही. तुकड्यातुकड्यांनी मिळालेली झोप सलग झोपेची भरपाई करत नाही, म्हणून प्रत्येकाला रोज चार-पाच तास सलग कसे मिळतील, एवढेच आधी पाहावे.

तुमचे बाळ अजून तीनच आठवड्यांचे आहे आणि वहिनींचे दूध नीट उतरू लागण्याचा हा काळ असल्याने रात्रीचे पाजणे पूर्ण वगळू नये. तरीही वहिनींनी नऊला पाजून लगेच झोपावे. बारा-साडेबाराला बाळ उठले की लंगोट तू बदल, बाळाला त्यांच्याजवळ ने, पाजून होईपर्यंत जागा राहा आणि नंतर ढेकर काढून थोपटणेही तूच कर. त्यामुळे वहिनींचा तास-दीड तास न जाता जेमतेम अर्धा तास जातो. दोन वाजता पाळी बदलावी आणि तू सातपर्यंत दुसऱ्या खोलीत झोपावेस. पाळण्याशेजारी एक कागद ठेवून शेवटचे दूध आणि लंगोट यांच्या वेळा लिहीत जा, म्हणजे पाळी बदलताना झोपलेल्याला उठवून विचारावे लागत नाही. सकाळी ऑफिस आहे ही सबब मला फारशी पटत नाही, कारण वहिनींचाही दिवस तेव्हाच सुरू होतो.

सहाएक आठवड्यांनी दूध चांगले येऊ लागले की बाराच्या वेळेसाठी काढून ठेवलेले दूध तू पाजू शकशील. ते फ्रीजमध्ये चार दिवस टिकते. बाहेर मात्र, तेही खोली फार गरम नसेल तरच, चार तास. स्तन दुखण्याइतके भरून आले, तर मात्र वहिनींना उठून दूध काढावेच लागेल. ते कडक, लाल होऊन ताप आला, तर डॉक्टरांना दाखवावे.

थकवा हद्दीबाहेर गेला आहे हे कसे ओळखावे, असे तू विचारले होतेस. दूध पाजले की नाही हे आठवेनासे होते, क्षुल्लक गोष्टीवरून आवाज चढतो आणि बाळाला घेऊन बसल्या बसल्या डोळा लागतो. यातले शेवटचे सर्वांत धोक्याचे, कारण सोफ्यावर बाळासह झोप लागली तर त्याचा श्वास कोंडू शकतो. डोळे मिटू लागताच बाळाला पाळण्यात सपाट गादीवर पाठीवर निजवावे आणि दुसऱ्याला खुशाल उठवावे. अशा दिवशी गाडीही चालवू नये.

एक गोष्ट मात्र निव्वळ थकव्यात मोडत नाही. बाळ शांत निजले आहे, सांभाळायला माणूस आहे, आणि तरीही झोप येत नसेल, किंवा रडू आणि उदासी दोन आठवड्यांनंतरही ओसरत नसेल, तर डॉक्टरांशी बोलावे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर त्याच दिवशी जावे आणि तोवर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. हे वहिनींइतकेच तुलाही लागू आहे. बापांनाही असे नैराश्य येते, फक्त ते कोणी विचारत नाही.

तुझा,
जुना मित्र